डाव्या खांद्याची दुरुस्ती

कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी सांगते, चुका काढते. लोक हसतात. त्यांना वाटतं बाई गंमत करतेय. गंमत कसली डोंबलाची! महिन्याच्या महिन्याला पगार येतो तो त्याचाच.

आमची कंपनी गणवेश पुरवते. शाळांचे, हॉटेलांचे, दवाखान्यांचे. ऑफिस पुण्यात, शिवणकाम सोलापुरात, आणि मधे मी, राहायला सोलापुरातच. शिवणाऱ्या युनिटनं आधी एक नमुना करायचा, खऱ्या कापडाचा, खऱ्या बटणांचा, अगदी लेबलासकट. तो मी तपासायचा. काय चांगलं आहे ते लिहायचं, काय दुरुस्त करायचं ते इंच-सुतात लिहायचं. मग त्यावर माझ्या सहीची चिठ्ठी बांधून सील लागलं की कटिंग सुरू. सील लागेपर्यंत कापडाच्या ताग्याला कुणी कात्री लावायची नाही. एकदा थरावर थर टाकून मशीन फिरली, की मग चूक एका कुर्त्यात राहत नाही, सगळ्यांत जाते.

हे काम करून करून माझी नजर वाकडी झालीय. लग्नात गेले तरी नवरीच्या ब्लाउजचा मुंढा कुठे ओढतोय ते आधी दिसतं. म्हणून हल्ली लग्नाची आमंत्रणं कमी येतात, असं मीच म्हणते आणि मीच हसते. खरं कारण वेगळं आहे. आई होती तोवर घरी माणसं यायची, ती आईसाठी यायची. आई गेली आणि दाराची कडी वाजायची थांबली. लग्न मी केलं नाही. भाऊ मोडनिंबला असतो, सणाला फोन करतो, "जेवलीस का" विचारतो, आणि मी जेवले म्हटलं की दोघांनाही पुढे काय बोलावं ते कळत नाही. एका खोलीच्या घरात संध्याकाळी मी टीव्ही लावते तो बघायला नाही, घरात कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठी.

तर हे कुर्त्याचं प्रकरण.

एका मोठ्या दवाखान्याच्या मावशींसाठी, म्हणजे वॉर्डात काम करणाऱ्या बायकांसाठी, कुर्ते करायचे होते. गडद हिरवा रंग, गळ्याला आणि बाहीला करडी पायपिंग, पुढे तीन बटणांची पट्टी, खाली दोन खिसे. काम द्यायचं होतं सोलापूरजवळच्या कुंभारीच्या एका नव्या युनिटला. युनिट म्हणजे घराच्या खालच्या मजल्यावरचा हॉल, त्यात रांगेनं मशिनी, आणि सगळ्याची मालकीण एक बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. बरीच वर्षं ती घरी ब्लाउज शिवायची. गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं तिच्या बोटांत होती म्हणे. मग कर्ज काढून, नवऱ्याची बोलणी खाऊन, तिनं हे युनिट टाकलं होतं. आत्तापर्यंत दुसऱ्यांचं उरलंसुरलं काम मिळायचं. स्वतःच्या नावावरची पहिली मोठी ऑर्डर हीच.

आमच्या पुण्याच्या साहेबांचा तिच्यावर भरवसा नव्हता. साहेब वयानं माझ्या भाच्याएवढे, पण साहेब ते साहेब. त्यांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं, "मॅडम, नवीन पार्टी आहे. सॅम्पल पास झालं तर ठीक. नाहीतर कापड उचलून जुन्या युनिटला टाकायचं. माझ्याकडे वेळ नाही." हे मी तिलाही सांगितलं. लपवण्यात काय अर्थ? ती पदर खोचत म्हणाली, "व्हय अक्का. मला म्हाईत हाय. हे गेलं तर पोरींना काम कुठनं देऊ? परत ब्लाउज शिवत बसायचं."

अक्का. तिच्या घरी कानडी बोलतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी अक्का. मला ऑफिसात सगळे मॅडम म्हणतात, शेजारी काकू म्हणतात, दुधवाला तर काहीच म्हणत नाही. अक्का म्हणणारी ही एकटीच. मी तिच्याकडे कामापेक्षा जास्त वेळा जायचे हे कबूल करायला मला लाज नाही. तिकडे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे यायची. मशिनींचा आवाज, पोरींची कानडी-मराठीतली भांडणं, कुणीतरी कुणाला तरी हसतंय. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. काम नसलं तरी काहीतरी तपासल्यासारखं करायचे.

साध्या कापडाचा मापाचा कच्चा कुर्ता पुण्याच्या पुतळ्यावर घालून पाहिला होता, तो ठीक होता. लांबी थोडी वाढवा एवढंच आलं. आता खऱ्या कापडाचा नमुना करायचा. त्याच्या आधी तिनं मला बोलावलं.

"अक्का, माझ्याकडं पुतळा न्हाय. तुमचं माप एल आहे की, बरोब्बर. जरा घाला की, लांबी बघते."

मी तो कच्चा कुर्ता घातला. ती तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरली. लांबी पाहिली, खिशाची जागा पाहिली. मग डाव्या खांद्यापाशी थांबली.

"हितं झोळ यायलाय," एवढंच म्हणाली. दोन बोटांनी कापड उचललं, दोन टाचण्या लावल्या, खडूनं रेघ मारली.

आता हे सांगायला हवं की माझा डावा खांदा उजव्याहून खाली आहे. लहानपणी उसाच्या बैलगाडीवरून पडले होते. हाड जोडलं ते गावच्या हाडवैद्यानं, आणि जोडलं ते असं. दुखत नाही, काही नाही. पण आयुष्यात एकही कपडा मला डावीकडे नीट बसलेला नाही. गळा सरकतो, बाही लांब दिसते, मुंढ्याखाली कापड गोळा होतं. मी ओढणी कायम डाव्या खांद्यावर घेते, म्हणजे ते झाकतं. लोकांना वाटतं ही स्टाइल आहे.

ती टाचण्या लावत होती तेव्हा मला वाटलं, कापडाचाच झोळ असेल. सवयीनं मी पुढचं विचारायला लागले, बटणं आली का, लेबलं आली का. बोलून बोलून वेळ काढत होते, दुसरं काय!

काही दिवसांनी नमुना तयार झाल्याचा निरोप आला. हॉलमध्ये शिरले तर भिंतीला हिरव्या कापडाचे तागे उभे, पोरी हातावर हात ठेवून बसलेल्या. कटिंगचं टेबल पुसून लखलखीत केलेलं. तिनं नमुना दोन्ही हातांवर घेऊन आणला, देवाचं वस्त्र आणावं तसा.

"आधी घाला की," म्हणाली.

खरं तर आधी टेबलावर पसरून मोजायचं असतं, अंगावर नंतर. पण मी घातला. आतल्या खोलीत कपाटाला लावलेला आरसा होता. मी बटणं लावली, मान वर केली, आणि बघतच राहिले.

कुर्ता बसला होता. काय सांगू कसा बसला होता! गळा मधोमध, बाह्या दोन्ही सारख्या, डावीकडे एक सुरकुती नाही. आरशातली बाई सरळ उभी होती. मी ओढणी घ्यायला हात वर केला आणि तो तसाच खाली आला, कारण झाकायला काही नव्हतंच. मी एका अंगानं वळले, दुसऱ्या अंगानं वळले, नव्या नवरीसारखी. दवाखान्यातल्या मावशींचा तो कुर्ता, त्यात इतकं नटल्यासारखं काय होतं, पण मला हसू यायला लागलं. आई असती तर तिला दाखवलं असतं, असंही मनात आलं.

मग चुका काढणारी जागी झाली. मेली कधी झोपतच नाही.

मी कुर्ता काढला, बाहेर आले, टेबलावर पसरला. छाती, घेर, लांबी, बाही, सगळं मोजलं. बरोबर. शेवटी कुर्ता मधोमध उभा दुमडला. असा दुमडला की दोन्ही खांदे एकमेकांवर बसायला हवेत, टोकाला टोक. बसले नाहीत. डावा खांदा अर्धा इंच खाली उतरला होता. डावा मुंढाही तेवढाच खाली. मी परत दुमडला. तेच. मग तिच्याकडून पुठ्ठ्याचा पॅटर्न मागून घेतला. त्यातही तेच, पुढच्या भागात आणि मागच्याही. तिनं टाचण्यांची खूण नुसती नमुन्यात घेतली नव्हती, पुठ्ठ्यावर उतरवली होती. त्या पुठ्ठ्यावरून कापड कापलं असतं तर त्या दवाखान्यातली प्रत्येक बाई डावीकडे कललेला कुर्ता घालून फिरली असती.

"हे काय केलंस तू?" माझा आवाज चढला.

तिनं पाहिलं. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"तुमच्या अंगावर बघून केलं की, अक्का. माप घेतलं की माझा हात तसाच चालतो. हितकी वर्षं एकेका बाईचंच शिवलंय. समोर जी हाय तिला बसलं म्हणजे झालं."

"अगं, पण समोर मी नाही! समोर हजार बायका आहेत. त्यांचे खांदे सरळ आहेत."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलंच."

मला रागवायचं होतं, मी रागावलेही होते. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तुला माझा खांदा कधी दिसला?"

"पयल्या दिवशीच. तुमी ओढणी सारखी केली तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? शिवताना बघायचं असतं."

माझ्या सख्ख्या भावाला अजून माहीत नसेल की त्या पडण्यानं माझा खांदा असा झाला. ऑफिसात इतकी वर्षं, कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि सोडून दिलं. आणि या बाईनं पाहिलं, न बोलता टाचण्या लावल्या, आणि माझ्या अंगाला बसेल असा कुर्ता शिवला. आयुष्यातला पहिला. आणि तो चुकीचा आहे हे लिहून द्यायचं काम माझंच.

मी बाहेर ओट्यावर जाऊन साहेबांना फोन लावला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि तिचं काम घालवायचंही नव्हतं. मी म्हणाले, "कापड, शिलाई, फिनिशिंग उत्तम आहे. पॅटर्नमध्ये एक गडबड आहे, दुरुस्त होणारी आहे. नापास करू नका. दुरुस्त्या लिहून देते, दुसरा नमुना मागवते." साहेब कुरकुरले, उगाच वेळ जाईल म्हणाले. मी त्यांना सुनावलं, जुन्या युनिटच्या नमुन्यावर आपण किती वेळा दुरुस्त्या दिल्या ते काढू का? शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे, एकच संधी. पुढच्यात काही निघालं तर मला विचारू नका, कापड उचला."

आत आले आणि लिहायला बसले. पुण्याला मेल इंग्रजीत जातो, पण तिच्यासाठी मी हातानं मराठीत लिहून देते. आधी मंजूर काय ते, कारण नुसत्या चुका वाचल्या की माणूस जे बरोबर आहे तेही बदलून ठेवतो. कापडाचा रंग मंजूर. धुतल्यावरचं आटणं मर्यादेत, मंजूर. गळा, पायपिंग, खिशांची जागा आणि आकार मंजूर, यात काही बदल करू नये. बाहीची लांबी मंजूर.

मग दुरुस्त्या. मानेमागचं लेबल पाव इंच उजवीकडे सरकलंय, मधोमध घ्यावं. बाजूच्या कटाला टोकाशी टाके विरळ आहेत, इंचाला आठच, पण दहा हवेत, आणि शेवटी उलट शिलाई मारून पक्कं करावं. काजांच्या कडेनं दोरे निघतात, काजाची शिलाई दाट करावी, मशिनीवर आधी याच कापडाच्या तुकड्यावर करून बघावी.

आणि मग ते. डावा खांदा अर्धा इंच वर घ्यावा, उजव्याशी तंतोतंत जुळावा. डावा मुंढा त्याप्रमाणे. पुढचा आणि मागचा दोन्ही पुठ्ठे नवे कापावेत, जुने रद्द करावेत. अंगावर पाहायचं झाल्यास दुसऱ्या व्यक्तीच्या अंगावर पाहावं.

ती शेजारी उभी राहून वाचत होती. शेवटची ओळ वाचून म्हणाली, "दुसऱ्या म्हंजे?"

"म्हणजे माझ्या नाही."

"बरं," ती म्हणाली. त्या दिवशी चटणी-भाकरी पुढे आली नाही. तिला सुचलं नसेल. मलाही भूक नव्हती.

नमुन्यासाठी कापड पुण्याहून दोन कुर्त्यांपुरतंच वेगळं आलं होतं. त्यातलं उरलेलं तिनं दुसऱ्या नमुन्याला घेतलं. ते होईपर्यंत मी तिकडे गेले नाही. जायला काही कारण नव्हतं, आणि उगाच गेले असते तर तिला वाटलं असतं ही डोक्यावर बसायला आली. घरीच राहिले. आरशासमोर माझे नेहमीचे कपडे घालून पाहिले, आणि प्रत्येकात डावीकडे तोच झोळ. आधीही होताच की. पण आधी मी त्याच्याकडे बघत नव्हते, आता दुसरं काही दिसेना. एकदा तर चिडून कपाटाचं दार आपटलं. शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केली, एवढाच काय तो त्या दिवसातला माझा माणसांशी संबंध.

आणि मग मनानं एक ठरवलं. तो पहिला कुर्ता मागून घ्यायचा. नियमानं तसं चालतं. सील न लागलेला नमुना कंपनीचा नसतो, युनिटकडेच पडून राहतो. कापडाचे पैसे द्यायचे आणि सरळ म्हणायचं, अगं, तो मला देऊन टाक, घरी घालीन. वॉर्डातल्या मावशीचा कुर्ता घालून घरात बसायला कोण बघतंय! मी ते वाक्य रिक्षात दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं. कित्येक वर्षांत मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

दुसरा नमुना टेबलावर तयार होता. तिची जाऊ शेजारी उभी होती, तिच्याच अंगावर पाहिला होता. मी तपासायला लागले. लेबल मधोमध. टाके मोजले, दहा. कुर्ता दुमडला. खांद्यावर खांदा बसला, टोकाला टोक, नखाएवढाही फरक नाही. पुठ्ठे नवे, तेही जुळले. काजं पाहिली, आतून बाहेरून, नखानं ओढून. घट्ट. एकही दोरा निघेना.

"काजं छान झालीत," मी म्हणाले. "कशी काय इतकी सुधारली?"

तिचा चेहरा उजळला. "लई मेहनत घेतली अक्का त्याच्यावर. मशिनीचं सेटिंग जमतच नव्हतं. याच कापडावर करून बघा म्हणालात की. पण ताग्याला तर हात लावायचा न्हाय, सील लागल्याबिगर. मग काय करू? तो जुना नमुना पडलेला होता, तोच कापला." तिनं टेबलाखालून एक हिरवा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. "बघा की. वरची रांग कच्ची हाय, खालची बघा."

गळ्याची करडी पायपिंग एका कडेला, बाहीची शिवण दुसऱ्या कडेला. डावा खांदा. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काजं, रांगांवर रांगा. वरच्या रांगांचे दोरे निघालेले, खाली खाली सुधारत गेलेल्या.

"आणि बाकीचा?" मी विचारलं.

"तो पण तसाच की. सगळा वापरला." मग माझ्याकडे बघून तिचा आवाज बारीक झाला. "का अक्का? ठेवायचा होता का? तुमी जुना रद्द म्हणून लिवलं होतं."

मी पुठ्ठे रद्द लिहिलं होतं. कुर्ता नव्हे. पण ते आता तिला सांगून काय होणार होतं? पोरी मशिनींवर वाट बघत होत्या. जाऊनं तागा आडवा करून ठेवला होता. तिच्या डोळ्यांत भीती आली होती, की अजून काहीतरी चुकलं, आता कापड जाणार. इतकं वाईट मला आई गेल्यानंतर पहिल्यांदाच वाटलं, आणि तेही एका कुर्त्यासाठी, कुणाला सांगितलं तर हसतील.

"नाही गं," मी म्हणाले. "ठेवायचा कशाला? बरोबर केलंस. शेवटची रांग एकदम बरोबर आहे."

मी चिठ्ठीवर मंजूर लिहिलं, सही केली, ती नव्या कुर्त्याच्या गळ्याशी बांधली आणि सील लावलं. पोरींनी गलका केला. कुणीतरी रेडिओ लावला. तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि कानडीत काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. तो तुकडा अजून माझ्या हातात होता.

"द्या की अक्का, ते चिंध्यांच्या पोत्यात टाकते," ती म्हणाली.

"असू दे. मी टाकते," म्हणाले, आणि दाराजवळच्या पोत्यात टाकला. "तू कटिंग सुरू कर."